नवा पंप, कोमट रेडिएटर : कोल्ड फीडमधल्या अडथळ्याचे एक प्रकरण

इंग्लंडमधील जुन्या घरांत हिवाळा सुरू झाला की हीटिंगचे काम करणाऱ्यांकडे एक तक्रार ठरलेली येते. सर्क्युलेशन पंप खरखरतो, हात लावला तर चटका बसतो, आणि तरीही रेडिएटर कोमटच्या पुढे जात नाहीत. अशा वेळी सर्वांत आधी पंपावर संशय घेतला जातो, कारण आवाज तिथूनच येत असतो. पुढे दिलेल्या प्रकरणात पंप बदलूनही झाला होता. मूळ दोष मात्र पंपापासून हातभर अंतरावर, पंधरा मिलिमीटरच्या एका तांब्याच्या पाइपात होता. लंडनच्या पश्चिमेकडील स्लाव, हाउन्स्लो या भागांत बरीच मराठी कुटुंबे अशाच घरांत राहतात, म्हणून हे प्रकरण तपशिलाने मांडतो.

घर तीन बेडरूमचे, १९७०च्या दशकातले, एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेले होते. स्वयंपाकघरात फक्त हीटिंगचे पाणी तापवणारा साधा बॉयलर होता. पहिल्या मजल्यावरच्या कपाटात नळाच्या गरम पाण्याचे सिलिंडर, पंप आणि तीन तोंडांचा मोटराइज्ड व्हॉल्व्ह होता, आणि माळ्यावर हीटिंगची छोटी टाकी. घरात एकूण नऊ रेडिएटर होते. माळ्यावरच्या टाकीतून १५ मिलिमीटरचा पाइप खाली येऊन बॉयलरच्या गरम पाण्याच्या पाइपाला कपाटातच, साधारण डोक्याच्या उंचीवर, मिळत होता. यालाच कोल्ड फीड म्हणतात. त्याच्या शेजारूनच २२ मिलिमीटरचा, वरचे तोंड उघडे असलेला व्हेंट पाइप वर जाऊन टाकीवर वाकवलेला होता. बॉयलरकडून आलेल्या पाण्याला आधी व्हेंटचा जोड, मग फीडचा जोड आणि त्यानंतर पंप लागत असे. व्हेंट आणि फीड यांचे जोड एकमेकांपासून १५० मिलिमीटरच्या आत ठेवण्याची पद्धत आहे, आणि इथे तसेच केलेले होते. म्हणजे रचनेत काही चूक नव्हती.

थर्मोस्टॅट २१ अंशांवर ठेवला तरी बैठकीची खोली १७ अंशांच्या वर जात नव्हती. वरच्या मजल्यावरच्या रेडिएटरांत पंधरवड्याला हवा साठत असे, आणि घरमालकीण बाई स्वतः किल्ली घेऊन ती काढत. मागच्या हिवाळ्यात एका फिटरने जुना पंप काढून नवा बसवला होता आणि जोर कमी पडायला नको म्हणून त्याचा वेग तीनपैकी सर्वांत वरच्या पायरीवर ठेवला होता. त्यानंतर आवाज उलट वाढला. "अहो, पंप तर नवाकोरा आहे, मग हा तापतो कशाने?" असा त्यांचा रास्त प्रश्न होता.

आधी तापण्याविषयी सांगायला हवे, कारण त्यात पुष्कळ गैरसमज असतो. या पंपाचा रोटर पाण्यातच फिरतो आणि त्याच्या बेअरिंगला वंगण म्हणून हीटिंगचेच पाणी मिळते. बॉयलरकडून ७० अंशांचे पाणी येत असेल तर पंपाचे ओतीव आवरणही तितकेच तापणार आणि त्यावर हात टिकणार नाही. यात बिघाड काही नाही. पाहायचे ते हे की मोटरचा भाग शेजारच्या पाइपापेक्षा जास्त तापला आहे का. या घरात तसे होते. बॉयलर थांबून पाइप ४५ अंशांवर उतरल्यावरही मोटरचे डोके त्याहून स्पष्टपणे गरम लागत होते. स्क्रूड्रायव्हरचे टोक पंपावर आणि मूठ कानाला लावल्यावर वाळू घोळत असल्यासारखी खरखर आणि मधूनच गुळगुळ ऐकू येत होती. बेअरिंग झिजले असेल तर आवाज सहसा एकसारखा, धातूवर धातू घासल्यासारखा येतो. इथला आवाज कमी-जास्त होत होता, म्हणजे पंपाच्या आत पाण्यासोबत हवा होती. हवा रोटरच्या पोकळीत साठली की बेअरिंग कोरडे पडते, मोटर तापते, आणि पंखा पाणी पुढे ढकलण्याऐवजी हवा-पाण्याचे मिश्रण नुसते घुसळत राहतो. आवाज, उष्णता आणि कोमट रेडिएटर या तिन्ही तक्रारी एकाच कारणातून निघतात, हे इथपर्यंत दिसत होते. हवा येते कुठून, हा प्रश्न मात्र शिल्लक होता.

त्याआधी सोपी कारणे बाजूला काढणे भाग होते. पंपाच्या दोन्ही बाजूंचे आयसोलेटिंग व्हॉल्व्ह पूर्ण उघडे होते. पंप बदलताना बंद केलेला व्हॉल्व्ह अर्धवट उघडून निघून जाणे ही सर्रास घडणारी गोष्ट आहे, म्हणून हे आधी पाहावे. त्यानंतर बॉयलरच्या दोन्ही पाइपांना चिकटवण्याचे थर्मामीटर लावले. बर्नर पेटल्यावर पाचेक मिनिटांत बाहेर जाणारा पाइप ७८ अंशांवर पोहोचला आणि बॉयलर आपणहून थांबला. परतीचा पाइप तेव्हा जेमतेम ३९ अंशांवर होता. अशा जुन्या बॉयलरसाठी जाणारे पाणी ८२ आणि येणारे ७१, म्हणजे ११ अंशांचा फरक, असा हिशेब धरून रेडिएटर निवडले जात. नऊ रेडिएटरांना मिळून १२ किलोवॉट उष्णता द्यायची असेल तर ११ अंशांच्या फरकाला मिनिटाला साधारण १५ ते १६ लिटर पाणी फिरावे लागते. फरक ३९ अंशांवर गेला याचा अर्थ बॉयलरमधून त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेही पाणी जात नव्हते. बॉयलरमधले थोडेसे पाणी झटकन तापते, बॉयलरचा थर्मोस्टॅट बर्नर बंद करतो, आणि घराला उष्णता मिळण्याआधीच बॉयलर आपले काम झाल्याचे ठरवतो. रेडिएटरांचा पृष्ठभाग मधोमध ४० अंशांच्या आसपास राहत होता, त्याचे कारण हेच.

पुढची चाचणी साधी असली तरी तिने बरेच क्षेत्र वगळले. हीटिंग बंद ठेवून फक्त नळाचे गरम पाणी चालू केले. तेव्हा तीन तोंडांचा व्हॉल्व्ह रेडिएटरांची वाट बंद करून सगळे पाणी सिलिंडरमधल्या वेटोळ्याकडे पाठवतो. तरीही तोच आवाज, तीच खरखर, आणि सिलिंडरही तितक्याच संथपणे तापत होते. रेडिएटरांत गाळ असता किंवा व्हॉल्व्ह अर्ध्यात अडकला असता तर निदान सिलिंडर नीट तापले असते. दोन्ही वाटांवर सारखीच रड असल्यामुळे दोष दोघींच्या सामायिक भागात, म्हणजे बॉयलरपासून पंपापर्यंतच्या पाइपात किंवा त्याला मिळणाऱ्या जोडांत, असायला हवा होता.

निर्णायक माहिती घरमालकीण बाईंच्याच बोलण्यातून मिळाली. हवा काढताना त्यांना एक विचित्र गोष्ट जाणवली होती. संध्याकाळी हीटिंग चालू असताना स्क्रू ढिला केला की हवा फुसफुसत बाहेर यायची. सकाळी सगळे थंड असताना तोच स्क्रू ढिला केला तर हवा आत ओढली जात असल्याचा आवाज यायचा. माळ्यावरची टाकी भरलेली असेल तर वरच्या मजल्यावरच्या रेडिएटरात पाण्याचा दाब हवेपेक्षा जास्तच असतो, आणि पंप बंद असतानाही स्क्रूतून आधी हवा व मग पाणी बाहेर यायला हवे. हवा आत जात असेल तर याचा अर्थ पाइपांतल्या पाण्याची पातळी त्या स्क्रूच्या खाली उतरली आहे. माळ्यावर जाऊन पाहिले तर टाकीत मात्र पाणी होते, नेहमीपेक्षा किंचित जास्तच, आणि तळाशी काळा थर होता. टाकी भरलेली आणि खाली पाणी नाही, याचा अर्थ दोघांमधली वाट बंद.

इथे लोहचुंबक उपयोगी पडतो. तांब्याला चुंबक चिकटत नाही. पाइपाच्या आत रेडिएटरांच्या लोखंडापासून तयार झालेला काळा मॅग्नेटाइट साचला असेल तर मात्र चिकटतो. कपाटात कोल्ड फीडच्या पाइपावर छोटा पण जोरदार चुंबक वरून खाली सरकवत आणला. वरच्या भागात तो घसरत होता, जोडाच्या वर बोटभर अंतरावर थबकला, आणि जोडावर हात सोडला तरी तसाच राहिला. पंपाकडे जाणाऱ्या पाइपाच्या सुरुवातीच्या भागावरही थोडी ओढ जाणवली.

खात्रीसाठी बॉयलर व पंप बंद करून, त्यांचा विजेचा पुरवठा तोडून, पाणी पूर्ण थंड होऊ दिले. टाकीच्या आत पाण्याच्या रेषेवर पेन्सिलीची खूण केली, बॉलकॉक बांधून ठेवला, आणि तळमजल्यावरच्या ड्रेनकॉकला होस लावून एक बादली पाणी काढले. बादली भरली तरी टाकीतले पाणी खुणेवरून हलले नाही. त्याच वेळी माळ्यावर व्हेंटच्या वाकवलेल्या तोंडाशी धरलेला ओल्या कागदाचा तुकडा आत ओढला जाऊन तोंडाला चिकटून बसला. सिस्टिम पाणी टाकीतून घेण्याऐवजी व्हेंटमधून हवा घेत होती, हे यापेक्षा स्पष्ट दिसणे कठीण.

अडथळा असून घर इतके दिवस चालले कसे आणि पंपापर्यंत हवा रोज कशी पोहोचत होती, हे आकड्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. या घराच्या पाइपांत आणि रेडिएटरांत मिळून अंदाजे १०० लिटर पाणी होते. ६० अंशांवरून २० अंशांपर्यंत थंड होताना पाण्याचे आकारमान साधारण दीड टक्क्याने घटते, म्हणजे दररात्री दीड लिटर. फीड मोकळा असता तर हे दीड लिटर टाकीतून शांतपणे खाली आले असते आणि सकाळी तापल्यावर परत वर गेले असते. फीड बुजल्यावर ते भरून यायला उरतो फक्त व्हेंटमधला पाण्याचा स्तंभ. २२ मिलिमीटरच्या पाइपात मीटरमागे सुमारे तीनशे मिलिलिटर पाणी मावते. जोडापासून टाकीच्या पातळीपर्यंतची उंची या घरात दोन मीटर होती, म्हणजे सगळा स्तंभ मिळून साठा साधारण सहाशे मिलिलिटर. पहाटेपर्यंत तो संपतो, पातळी जोडाच्याही खाली जाते आणि हवा आत शिरते. सकाळी पाणी तापून फुगते तेव्हा आत शिरलेल्या हवेला बाहेर पडायला वाट नसते, कारण ती रेडिएटरांच्या माथ्याशी आणि पंपात जाऊन बसलेली असते. मग जास्तीचे पाणीच व्हेंटमधून वर चढून टाकीत पडते. रोज थोडे पाणी वर जाते, त्याच्या जागी थोडी हवा खाली येते, आणि उलट वाट बंद असते. टाकीत पाणी जरा जास्त का होते, याचा उलगडा इथे होतो. अडथळ्यातून थेंब-थेंब झिरपणारे पाणी एवढेच जीवदान होते. नाही तर पंप पूर्ण कोरडाच पडला असता.

पंधरवड्याला हवा काढण्याने नुकसानच होत होते. प्रत्येक वेळी पेलाभर पाणी गेले तरी त्या स्तंभाची उंची पाऊण मीटरने उतरते. व्हेंटमधून येणारी ताजी हवा प्राणवायू आणते, त्याने रेडिएटरांचे लोखंड आणखी गंजते, त्यातून आणखी काळा गाळ तयार होतो, आणि तो पुन्हा त्याच जोडाशी येऊन बसतो. जोडच का, तर तिथे गरम प्रवाहाला लागून थंड, जवळजवळ स्थिर पाणी असते, पाणी रोज थोडे आत-बाहेर करते, आणि वाहता गाळ अशा कोपऱ्यात स्थिरावतो. थेम्सच्या खोऱ्यातले पाणी कठीण असल्यामुळे क्षारही त्याला धरून ठेवतात. पंपाचा वेग वाढवणेही याच कारणाने अंगाशी आले. वेग वाढला की पंपाच्या तोंडाशी ओढ वाढते, आणि जवळच हवेची मोकळी वाट असेल तर पंप पाण्याआधी तीच ओढतो.

एक इशारा इथेच द्यायला हवा. कोल्ड फीड बुजलेला असताना व्हेंटही बुजला तर उघड्या रचनेचा बॉयलर चहूबाजूंनी बंद होतो, आणि अशा बॉयलरला बहुधा सेफ्टी व्हॉल्व्ह नसतो. म्हणून फीड बंद असल्याची शंका आली की बॉयलर चालू ठेवून प्रयोग करू नयेत. बॉयलरमधून किटली उकळण्यासारखा घुमणारा आवाज येत असेल तर तो बंदच करावा. रेडिएटरातून निघणाऱ्या वायूत गंजताना तयार झालेला हायड्रोजन असू शकतो. काडी पेटवून पाहण्याचा हौशी प्रयोग कोणी सुचवला तर ऐकू नये. पाण्याच्या बाजूची कामे घरमालकाला करता येतात, पण बॉयलरच्या गॅसच्या भागाला हात लावण्याचा अधिकार ब्रिटनमध्ये गॅस सेफ नोंदणी असलेल्यालाच आहे.

दुरुस्तीत पाणी रिकामे करून जोडाभोवतीचा फूटभर पाइप कापून काढला. कापलेल्या तुकड्याच्या तोंडात काळा, घट्ट, चमकदार गोळा बसलेला होता, आणि त्याच्या एका कडेला पेन्सिलीच्या शिशाइतकी फट उरली होती. असा अडथळा रसायनाने विरघळवण्याची आशा धरू नये, कारण ज्या पाइपातून पाणीच जात नाही तिथे रसायनही पोहोचत नाही. तो कापूनच काढावा लागतो. नवे जोड पूर्वीच्याच क्रमाने बसवले, आणि व्हेंटवर कोणताही व्हॉल्व्ह नाही याची खात्री केली.

गाळाचा उगम रेडिएटरांत असल्यामुळे तेवढ्यावर थांबता येत नव्हते. तळमजल्यावरचे सर्वांत गारठलेले दोन रेडिएटर काढून बागेत होसने धुतले, आणि बाकीच्या सिस्टिममध्ये साफ करणारे रसायन घालून आठवडाभर हीटिंग चालवली. त्यानंतर पाणी स्वच्छ येईपर्यंत काढून भरले, गंज रोखणारे इनहिबिटर घातले आणि परतीच्या पाइपावर, बॉयलरच्या आधी, चुंबकाचा फिल्टर बसवला. ब्रिटिश स्टँडर्ड ७५९३च्या २०१९च्या आवृत्तीत इनहिबिटर आणि असा फिल्टर दोन्ही अपेक्षित आहेत. भरताना पंप बंद ठेवून आधी खालच्या, मग वरच्या रेडिएटरांची हवा काढली. पंप चालू असताना हवा काढली तर ती एका जागी थांबत नाही, आणि काम अर्धवट राहते.

पंप तोच ठेवला. आवाज ऐकून तो बदलावा लागेल असे वाटत होते, पण पाणी भरून हवा काढल्यावर त्याची खरखर पहिल्या तासातच थांबली आणि उरली ती साधी हलकी घरघर. कोरड्या बेअरिंगने बराच काळ चाललेला पंप असा सावरतोच असे नाही. आवाज दोन-तीन दिवसांत गेला नसता तर तो बदलणेच योग्य ठरले असते. वेग मधल्या पायरीवर आणला. पुन्हा मोजले तेव्हा जाणारे पाणी ७१ आणि येणारे ५८ अंशांवर होते, बर्नर सलग चालत होता, आणि मोटरचे डोके शेजारच्या पाइपाइतकेच गरम लागत होते. लांबच्या दोन बेडरूमचे रेडिएटर जरा मागे होते. पंपाजवळच्या रेडिएटरांचे खालचे लॉकशील्ड व्हॉल्व्ह थोडे आवळल्यावर तेही बरोबरीला आले.

हे निदान प्रत्येक खरखरत्या पंपाला लागू पडत नाही. सिलिंडर झटपट तापते आणि रेडिएटरच कोमट राहतात अशी स्थिती असेल तर तीन तोंडांचा व्हॉल्व्ह किंवा रेडिएटरांची बाजू आधी पाहावी. जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्यात दोन-चार अंशांचाच फरक असेल तर पाणी रेडिएटरांपर्यंत न जाता बायपासमधून परत फिरत असण्याची शक्यता जास्त. कॉम्बी बॉयलर आणि इतर बंद सिस्टिममध्ये माळ्यावर टाकीच नसते. तिथे हवेचा संशय आला तर आधी दाबाचा काटा पाहावा. थंड असताना तो साधारण १ ते १.५ बारवर असावा, आणि वारंवार खाली येत असेल तर गळती किंवा एक्स्पान्शन व्हेसल तपासावे.

घरमालकीण बाईंना दोन कामे नेमून दिली. वर्षातून एकदा फिल्टर उघडून चुंबकावरचा काळा थर पुसायचा. आणि हिवाळ्यात मधूनमधून टाकीतले पाणी सकाळी थंड असताना व संध्याकाळी तापल्यावर पाहायचे. त्यांच्या टाकीच्या आकाराला दोन पातळ्यांत सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा फरक पडायला हवा. पातळी दोन्ही वेळा तंतोतंत एकच राहू लागली, तर पंपाचा आवाज सुरू होण्याची वाट न पाहता बॉयलर बंद करून कोल्ड फीडच्या जोडावर पुन्हा चुंबक लावून पाहायचा.